गच्चीवरची एक खोली आणि तिचा क्रिटिकल पाथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइटवर नव्याने रुजू झालेली मुलं आणि घरमालक मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण एकच ठेवलंय: एका रो-हाउसच्या गच्चीवर बांधायची एक खोली. कॉलमच्या सळया खालच्या मजल्यावरून आधीच वर आलेल्या आहेत. पाया किंवा खोदाई काही नाही. दिवसांचे आकडे त्या कामाचे आहेत. तुमचे वेगळे निघतील, हिशोब मात्र हाच राहील.

क्रिटिकल पाथ म्हणजे सगळ्यात महत्त्वाची कामं का?

नाही. बहुतेक गोंधळ या एका समजुतीतून होतो. स्लॅब भरणं महत्त्वाचं आणि खिडक्या किरकोळ, असं मालकांना वाटतं. पण क्रिटिकल पाथला काम किती मोठं, किती खर्चाचं किंवा किती अवघड, यातलं काहीच कळत नाही. तो एवढंच सांगतो की एकामागोमाग एक येणाऱ्या कामांची सगळ्यात लांब साखळी कोणती. त्या साखळीतलं कोणतंही काम एक दिवस लांबलं की ताबा एक दिवस लांबतो. साखळीबाहेरच्या कामाला थोडीफार सवड असते. ती किती, हे काढण्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

सुरुवात कुठून करायची?

कामांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं की ते कशानंतर सुरू होऊ शकतं. तारखा इतक्यात लिहू नका. आधी तारखा ठरवून मग कामं त्यात कोंबली, की हिशोब उलटा होतो.

| क्र. | काम | दिवस | कशानंतर |
|---|---|---|---|
| १ | कॉलम | ५ | – |
| २ | सेंट्रिंग, सळई, स्लॅब भरणं | ८ | १ |
| ३ | टेकू काढेपर्यंत थांबणं | १४ | २ |
| ४ | वीटकाम | ६ | ३ |
| ५ | भिंतीतले वायरिंगचे आणि नळाचे पाइप | ४ | ४ |
| ६ | आतलं प्लास्टर | ६ | ५ |
| ७ | बाहेरचं प्लास्टर | ५ | ४ |
| ८ | खिडक्या बनून येणं | १५ | ४ |
| ९ | खिडक्या बसवणं | २ | ६, ७, ८ |
| १० | लादी | ६ | ६ |
| ११ | रंग | ८ | ९, १० |

तिसऱ्या ओळीत कोणी काहीच करत नाही, तरी ती यादीत हवी. थांबणं हेही काम आहे, त्यालाही दिवस लागतात. १४ हा आकडा मनाचा नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात. त्याहून लांब बीम असेल तर २१. आमचे बीम ६ मीटरच्या आतले होते. टेकूंच्या जंगलात भिंत चढवता येत नाही, म्हणून वीटकाम त्यानंतर.

आठव्या ओळीकडेही बघा. स्लायडिंग खिडक्यांवाला नकाशावरून माप घेत नाही. भिंत उभी राहिली की तो टेप घेऊन येतो आणि प्रत्येक मोकळ्या जागेचं वेगळं माप घेतो, कारण मिस्त्रीच्या हातून एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालेलं असतंच. म्हणून त्याचे १५ दिवस वीटकामानंतर सुरू होतात.

‘लवकरात लवकर’ वेळ कशी काढतात?

वरून खाली यायचं. पहिलं काम शून्यावर सुरू. प्रत्येक काम लवकरात लवकर कधी संपेल, तर त्याच्या सुरुवातीत त्याचे दिवस मिळवायचे. पुढचं काम तिथून सुरू.

कॉलम ० ते ५. स्लॅब ५ ते १३. टेकू १३ ते २७. वीटकाम २७ ते ३३. इथे वाटा फुटतात. पाइप, बाहेरचं प्लास्टर आणि खिडक्यांची ऑर्डर, तिन्ही ३३ ला सुटतात. पाइप ३७ ला संपतात, मग आतलं प्लास्टर ४३ ला. बाहेरचं प्लास्टर ३८ ला संपतं. खिडक्या ४८ ला येतात.

आता खिडक्या बसवायच्या. त्याआधीची तीन कामं ४३, ३८ आणि ४८ ला संपतात. तिन्ही झाल्याशिवाय बसवणार कसं? म्हणून यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा: ४८. बसवून होतात ५० ला. लादी ४३ ला सुरू होऊन ४९ ला संपते. रंगाआधी ५० आणि ४९, मोठा ५०. रंग ५० ते ५८.

एकूण ५८ दिवस. जिथे दोन-तीन वाटा एकत्र येतात तिथे मोठा आकडा, एवढा एकच नियम.

शून्यापासून का? पहिला दिवस एक नाही का?

इथे आकडा म्हणजे दिवस नव्हे, दिवसांमधली सीमा. ५ म्हणजे पाचव्या दिवसाची संध्याकाळ. स्लॅबचं काम ५ ला सुरू होतं म्हणजे सहाव्या दिवशी सकाळी माणसं येतात. काही पुस्तकांत पहिला दिवस १ धरून, संपण्याच्या आकड्यातून एक वजा करतात. दोन्ही बरोबर आहेत. पण एकाच कागदावर दोन्ही मिसळले तर प्रत्येक बाणाला, म्हणजे एका कामावरून त्याच्या पुढच्या कामाकडे जाताना, एक दिवस खोटा वाढतो. एकामागोमाग अकरा कामं असतील तर तो दहा दिवसांपर्यंत जाऊ शकतो, आणि चूक कुठे आहे ते शोधून सापडत नाही.

‘उशिरात उशिरा’ वेळ कशाला हवी? ५८ तर मिळालेच.

५८ मिळाले, पण कोणाला सवड आहे ते कळलं नाही. त्यासाठी खालून वर जायचं. शेवटचं काम ५८ ला संपलंच पाहिजे असं धरायचं आणि दिवस वजा करत यायचं.

रंग उशिरात उशिरा ५० ला सुरू झाला पाहिजे. म्हणून लादी आणि खिडक्या बसवणं, दोन्ही ५० पर्यंत संपली पाहिजेत. लादी ४४ ला सुरू झाली तरी चालेल. खिडक्या बसवणं ४८ ला. म्हणून खिडक्या ४८ पर्यंत यायलाच हव्यात, म्हणजे ऑर्डर ३३ लाच द्यायला हवी.

आतल्या प्लास्टरवर दोघंजण अवलंबून आहेत: खिडक्या बसवणाऱ्याला ते ४८ पर्यंत चालेल, लादीवाल्याला ४४ पर्यंतच. इथे लहान आकडा घ्यायचा, कारण ज्याला आधी हवंय त्याचं ऐकावं लागतं. तर आतलं प्लास्टर उशिरात उशिरा ४४ ला संपणार, ३८ ला सुरू होणार. पाइप ३८ पर्यंत, म्हणजे ३४ ला सुरू. वीटकामाच्या पुढे तिघं: पाइप ३४, बाहेरचं प्लास्टर ४३, खिडक्या ३३. लहान ३३. वीटकाम २७ ला सुरू झालंच पाहिजे. त्याच्या वर फाटे नाहीत, सरळ वजाबाकी.

| काम | लवकरात लवकर सुरू | उशिरात उशिरा सुरू | सवड |
|---|---|---|---|
| कॉलम | ० | ० | ० |
| स्लॅब | ५ | ५ | ० |
| टेकू | १३ | १३ | ० |
| वीटकाम | २७ | २७ | ० |
| पाइप | ३३ | ३४ | १ |
| आतलं प्लास्टर | ३७ | ३८ | १ |
| बाहेरचं प्लास्टर | ३३ | ४३ | १० |
| खिडक्या बनणं | ३३ | ३३ | ० |
| खिडक्या बसवणं | ४८ | ४८ | ० |
| लादी | ४३ | ४४ | १ |
| रंग | ५० | ५० | ० |

सवड शून्य असलेली कामं जोडली की क्रिटिकल पाथ: कॉलम, स्लॅब, टेकू, वीटकाम, खिडक्या बनणं, बसवणं, रंग. बेरीज करून बघा: ५ + ८ + १४ + ६ + १५ + २ + ८ = ५८. ही बेरीज एकूण दिवसांशी जुळली नाही तर कुठेतरी मोठ्याच्या जागी लहान आकडा घेतलाय, किंवा उलट.

दुसरी तपासणी: पहिल्या कामाची उशिरात उशिरा वेळ शून्य यायलाच हवी. तिथे उणे आकडा आला तर वजाबाकी चुकली. अधिक आकडा आला तर खालून वर येताना एखादा बाण सुटला.

पाइप, प्लास्टर, लादी या तिघांना प्रत्येकी एक दिवस सवड आहे ना?

तिघांत मिळून एक. कागदावर तीन ठिकाणी १ दिसतो, म्हणून इलेक्ट्रिशियनला, मिस्त्रीला आणि लादीवाल्याला ‘एक दिवस इकडेतिकडे चालेल’ असं सांगून बसतात. इलेक्ट्रिशियनने तो वापरला की बाकीच्या दोघांची सवड शून्य झाली; दुसऱ्यानेही वापरला की ताबा लांबला. एका रांगेतली सवड म्हणजे बैठकीतला पाण्याचा एकच तांब्या. कोणीतरी आधी पितो.

बाहेरच्या प्लास्टरचे १० दिवस मात्र खरोखर त्याचे एकट्याचे. ते ४८ पर्यंत रेंगाळलं तरी दुसऱ्या कोणाचं काही अडत नाही. म्हणून कोणाला ‘चालेल’ म्हणायचं हे ठरवताना मी सवडीबरोबर हेही बघतो की काम उशिरा संपलं तर त्याच्या लगेच पुढच्या कामाची लवकरात लवकर वेळ हलते का. पाइपची हलते. बाहेरच्या प्लास्टरची हलत नाही.

मग खिडक्या आधीच मागवल्या तर १५ दिवस वाचतील?

मालकांनी हेच विचारलं. खिडक्यांवाला तयारही होता: वीटकामाआधी लोखंडी साचे बनवून द्या, मिस्त्रीने त्यांच्याभोवती भिंत चढवावी, मी माप साच्यावरून घेतो. साच्यांचे आणि घाईचे पैसे वेगळे.

समजा खिडक्या प्लास्टर व्हायच्या आत येऊन पडल्या. आता बसवणं ४३ ला सुरू होतं, ४५ ला संपतं. पण लादी अजूनही ४९ ला संपते. रंग ४९ ते ५७. पंधरा दिवसांचं काम रांगेतून काढलं आणि वाचला एक दिवस! कारण शेजारच्या साखळीला सवडच एक दिवसाची होती. खिडक्या बाजूला झाल्याबरोबर पाइप, प्लास्टर, लादी ही साखळी क्रिटिकल झाली.

म्हणून ‘हे काम आठ दिवसांनी कमी करतो’ असं कोणी म्हणालं की मी आधी शेजारच्या वाटेची सवड बघतो. बचत तिच्यापेक्षा जास्त होत नाही. त्यापुढे वाचवायचं असेल तर दोन्ही वाटा एकदम आखडाव्या लागतात. इथे लादीला दुसरी जोडी लावून ६ चे ४ केले असते तर ४३ ते ४७, आणि रंग ५५ ला संपला असता.

प्लास्टर आत-बाहेर एकाच वेळी चालेल? मिस्त्री तर तोच आहे.

टेबलात हे दिसत नाही. बाण फक्त कामाचे असतात, माणसांचे नाहीत. एकच टोळी असेल तर आतलं आणि बाहेरचं प्लास्टर यांच्यात एक बाण आपण घालायचा. बाहेरचं आधी केलं तर ते ३३ ते ३८, आतलं ३८ ते ४४. नशीब, ३८ ही आतल्याची उशिरात उशिरा वेळ आहे. ५८ टिकतात, पण तो एक दिवस गेला आणि आता दोन साखळ्या क्रिटिकल. आतलं आधी केलं तर पाइप होईपर्यंत मिस्त्री चार दिवस रिकामा बसतो. आम्ही बाहेरचं आधी करायचं ठरवलं.

सगळा हिशोब बरोबर असून कागद चुकू शकतो का?

चुकतो. आणि बेरीज-वजाबाकीत नाही, सुटलेल्या बाणात. वरचा कागद मी पेंटरला दाखवला. तो वाचून म्हणाला, “साहेब, प्लास्टर ४३ ला आणि मी ५० ला? भिंत वाळणार कधी?”

खरं होतं. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारायचं आणि पाणी थांबल्यावर ते वाळायला हवं. ओल्या भिंतीवर पुट्टी घासली तर रंगाला फुगे येतात, पापुद्रे निघतात. पेंटरने पाण्यासकट तीन आठवडे मागितले. हिवाळा होता, म्हणून मीही मान्य केलं. म्हणजे आतल्या प्लास्टरपासून रंगापर्यंत २१ दिवसांची एक नवी ओळ. त्या मुक्कामात लादी आणि खिडक्या आपापली होतात, त्या कोणाला अडवत नाहीत.

पुन्हा वरून खाली: प्लास्टर ४३, वाळणं ६४, रंग ६४ ते ७२. पुन्हा खालून वर: खिडक्या बसवणं ६२ ला सुरू झालं तरी चालेल, ऑर्डर ४७ ला दिली तरी चालेल. खिडक्यांची सवड शून्यावरून १४ वर गेली. लादीची १५. बाहेरच्या प्लास्टरची २४. पाइप आणि आतलं प्लास्टर मात्र आता क्रिटिकल. बाहेरचं आधी करायचा आमचा बेतही त्यामुळे उलटला, कारण आतलं एक दिवस थांबलं तर ७२ चे ७३ होत होते.

खिडक्यांच्या साच्यांवर पैसे दिले असते तर एक दिवसही वाचला नसता. म्हणून मी कागद आधी सगळ्या कारागिरांना दाखवतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो: तुझ्या आधी काय झालेलं हवं? ‘तुझं काम किती दिवसांचं’ हे नंतर.

उलटी चूकही होते. खिडकीवाला म्हणतो भिंत झाल्यावर माप घेतो. नवखा मिस्त्री म्हणतो चौकट आल्यावर भिंत चढवतो. दोन्ही बाण लिहिले की गोल फिरतं, कोणतंच काम पहिलं ठरत नाही आणि हिशोब सुरूच होत नाही. तेव्हा समजायचं की साइटवर कोणीतरी ठरवायचं राहिलंय.

रविवार कसे धरायचे?

माणसांची कामं आणि काँक्रीटची कामं वेगळी धरायची. आमच्याकडे अमावास्येला मिस्त्री येत नाहीत, रविवारी काही टोळ्या येत नाहीत. काँक्रीट मात्र रविवारीही घट्ट होतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ओळींना रविवारची सुट्टी लागू केली, की टेकूंच्या पंधरवड्यात दोन रविवार फुकट वाढतात. आणि टेकू क्रिटिकल असल्यामुळे ताबा तेवढाच पुढे जातो. थांबण्याच्या ओळींना सात दिवसांचं कॅलेंडर, माणसांच्या ओळींना सहा दिवसांचं. वरच्या हिशोबात सोयीसाठी रोज काम धरलं आहे.

हे एक्सेलमध्ये होतं का?

होतं, आणि लहान कामाला तेवढं पुरतं. A मध्ये काम, B दिवस, C आणि D लवकरात लवकर सुरू आणि संपणं, E आणि F उशिरात उशिरा सुरू आणि संपणं, G सवड. पहिलं काम दुसऱ्या ओळीत धरलं तर वीटकाम पाचव्या आणि खिडक्या बसवणं दहाव्या ओळीत येतं:

```
C10: =MAX(D7,D8,D9)
D10: =C10+B10
F5:  =MIN(E6,E8,E9)
E5:  =F5-B5
G5:  =E5-C5
```

शेवटच्या कामाचा F म्हणजे त्याचाच D. MAX मध्ये आधीच्या ओळी, MIN मध्ये पुढच्या. नवीन बाण घातला की दोन्हीकडे बदल करावा लागतो. बहुतेक जण MAX बदलतात आणि MIN विसरतात, मग सवड खोटी दिसते.

पर्ट वेगळं का?

पर्ट ही वेळापत्रक मांडायची दुसरी पद्धत, दोन्ही एकाच काळातली. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. पर्ट अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये आणलं. पर्टमध्ये दिवसांचा एक आकडा न धरता तीन धरतात. खिडकीवाला १५ म्हणतो, पण चांगलं जमलं तर १२, अडकलं तर २५. मधल्याला चारपट वजन देऊन सरासरी: (१२ + ६० + २५) भागिले ६, म्हणजे साधारण १६. ज्याचा शब्द पाळला जात नाही त्याच्यापुरतं मी हे वापरतो.

काम सुरू झाल्यावर कागद पुन्हा कधी मांडायचा?

एखादं काम संपलं किंवा कोणाचा ‘उशीर होईल’ असा फोन आला की. जे झालंय त्याचे खरे दिवस घालायचे आणि आजपासून पुन्हा वरून खाली यायचं.

आमच्या कामात चाळिसाव्या दिवशी खिडकीवाल्याचा फोन आला, चार दिवस जास्त लागतील. मालक हादरले. पेंटरचा बाण घातलेला कागद काढला: खिडक्या ४८ ऐवजी ५२ ला, बसवून ५४ ला, रंग तरीही ६४ ला. सवड १४ वरून १० वर आली, एवढंच. मालकांना ते दाखवलं. त्यांना पटलं. तरी त्यांनी संध्याकाळी खिडकीवाल्याला दोनदा फोन केलाच.